मदत हवी आहे : कप्पा ०.८२ आला, तरी खारफुटीच्या क्षेत्रफळावर विश्वास ठेवावा का?

तिवरकाठ

नमस्कार. मी गोव्यात भूगोलाच्या पदव्युत्तर प्रबंधावर काम करीत आहे. चोडण, दिवाडी आणि कुंभारजुवे यांसह तिसवाडी तालुक्याचे भूआच्छादन वर्गीकरण मी सेंटिनेल-२ च्या जानेवारीतील प्रतिमेवरून, रँडम फॉरेस्ट पद्धतीने केले आहे. पाणी आधीच मास्क करून बाजूला काढले असून उरलेल्या १५० चौरस किलोमीटरमध्ये चार वर्ग आहेत. नकाशाप्रमाणे खारफुटी १०, खाजन व इतर शेती ४०, झाडी व बागायत ७५ आणि वस्ती २५ चौरस किलोमीटर भरते.

अचूकता तपासण्यासाठी नकाशावरील प्रत्येक वर्गातून ६० यादृच्छिक बिंदू घेतले. प्रशिक्षणासाठी वापरलेल्या जागांशी त्यांचा संबंध नाही. प्रत्येक बिंदूचा खरा वर्ग उच्च विभेदनाच्या प्रतिमेवरून आणि शक्य तेथे प्रत्यक्ष जाऊन ठरवला. त्यातून आलेली कन्फ्युजन मॅट्रिक्स खाली देत आहे. ओळीत नकाशावरील वर्ग आहेत, स्तंभात प्रत्यक्षातील.

```
            खारफुटी   शेती   झाडी   वस्ती   एकूण
खारफुटी       ५४       २      ४      ०      ६०
शेती           ३       ५१     ४      २      ६०
झाडी           ३       ३      ५१     ३      ६०
वस्ती          ०       ४      ५      ५१     ६०
एकूण          ६०      ६०     ६४     ५६     २४०
```

एकूण अचूकता ८६.२५ टक्के आणि कप्पा ०.८२ आहे. खारफुटीची यूजर्स आणि प्रोड्यूसर्स अचूकता दोन्ही ९० टक्के येतात. कप्पा ०.८१ च्या वर असल्याने जुळणी 'जवळजवळ परिपूर्ण' गटात मोडते, त्यामुळे खारफुटीचे १० चौरस किलोमीटर हे क्षेत्रफळ निष्कर्षात लिहायला हरकत नाही, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे.

माझी अडचण अशी की खाजनांच्या बांधांवरून फिरताना जे दिसते ते या आकड्यांशी जुळत नाही. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला खारफुटीची अरुंद पट्टी जागोजागी आहे आणि नकाशावर ती बहुतेक ठिकाणी झाडीत गेलेली दिसते. दर दहा भागांतील नऊ भाग खारफुटी नकाशाने पकडली असे मॅट्रिक्स म्हणत असेल, तर एवढी सुटलेली खारफुटी मला कशी दिसते? मॅट्रिक्स वाचण्यात काही निसटते आहे का, हे कृपया सांगावे.

बिंदुगणक

आपली मूळ अडचण नमुना निवडीत आहे. प्रत्येक वर्गाला सारखेच बिंदू देणे योग्य नाही, ते क्षेत्रफळाच्या प्रमाणात असायला हवेत. आपल्या २४० बिंदूंपैकी खारफुटीला १६ आणि झाडीला १२० मिळायला हवे होते. हे बिंदू बाजूला ठेवून नव्याने निवड करावी असे मी सुचवेन.

मात्र कप्पाबद्दल आपले मार्गदर्शक बरोबर आहेत. एकूण अचूकतेत योगायोगाने जुळलेले बिंदूही मोजले जातात, कप्पा तो योगायोग वजा करतो. म्हणून दोन्हींपैकी कप्पा अधिक विश्वासार्ह समजावा.

सत्तरीचा_काजू

आमच्याकडे काजू बागायत आणि नैसर्गिक जंगल वेगळे करताना कप्पा ०.९७ आला होता. आम्ही बहुभुज आखले, त्यांतील सगळे पिक्सेल एकत्र केले आणि ७०:३० असे विभागून ३० टक्क्यांवर तपासणी केली. आपणही असेच करून पाहा, आकडे निश्चित सुधारतील. इंडेक्समध्ये NDVI घेतला आहे का?

साखळीकर

तिवरकाठ यांचा प्रश्न आकडे सुधारण्याचा नाही, आकडे जमिनीशी का जुळत नाहीत असा आहे. त्यामुळे सत्तरीच्या उदाहरणाबद्दल एवढेच लिहितो की एकाच बहुभुजातले शेजारी पिक्सेल एकमेकांसारखेच असतात. काही प्रशिक्षणाला आणि काही तपासणीला ठेवले, तर वर्गीकरणाने ते बहुभुज लक्षात ठेवले एवढेच सिद्ध होते. ०.९७ हा आकडा त्या बहुभुजांबाहेरच्या काजूबद्दल फारसे काही सांगत नाही. तिवरकाठ यांनी स्वतंत्र यादृच्छिक बिंदू घेतले आहेत, ती पद्धत सोडू नये.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक वर्गाला ६० बिंदू देण्यात काहीही चूक नाही. खारफुटीसारख्या लहान वर्गाला १६ च बिंदू मिळाले असते, तर त्या वर्गाबद्दल ठामपणे काही म्हणता आले नसते. पण असे बिंदू घेतले की मॅट्रिक्समधले आकडे जसेच्या तसे बेरजेला घेता येत नाहीत, कारण प्रत्येक ओळीतल्या एका बिंदूमागे उभी असलेली जमीन वेगवेगळी आहे. खारफुटीच्या ओळीतला एक बिंदू १० चौरस किलोमीटरचा साठावा भाग, म्हणजे सुमारे ०.१७ चौरस किलोमीटर दाखवतो. झाडीच्या ओळीतला एक बिंदू १.२५ चौरस किलोमीटर दाखवतो, म्हणजे साडेसात पट.

यूजर्स अचूकता एकाच ओळीत मोजली जाते, म्हणून तिला याची बाधा होत नाही आणि खारफुटीचे ९० टक्के तसेच राहतात. प्रोड्यूसर्स अचूकता मात्र स्तंभात उभी मोजली जाते. तिथे तुम्ही ५४, ३ आणि ३ यांची बेरीज एकाच मापाने केली आहे, प्रत्यक्षात ती तीन निरनिराळी मापे आहेत. प्रत्येक ओळीचे प्रमाण त्या वर्गाच्या नकाशावरील क्षेत्रफळाने गुणून पाहा. खारफुटीच्या ओळीतून ९ चौरस किलोमीटर येतात. शेतीच्या ओळीतील तीन बिंदूंमधून ४० चा विसावा भाग, म्हणजे २ येतात. झाडीच्या ओळीतील तीन बिंदूंमधून ७५ चा विसावा भाग, म्हणजे ३.७५ येतात. प्रत्यक्षातील खारफुटीचा अंदाज १४.७५ चौरस किलोमीटर झाला आणि त्यातली नकाशाने पकडली ९. प्रोड्यूसर्स अचूकता ९० नाही, ६१ टक्के आहे. बांधावरून तुम्हाला दिसली ती हीच सुटलेली खारफुटी.

एकूण अचूकता अशाच रीतीने मोजली तर ८५.३ टक्के येते, म्हणजे एका टक्क्यानेही हलत नाही. झाडी आणि शेती हे मोठे वर्ग ८५ टक्क्यांवर स्थिर असताना एकूण आकडाही तिथेच राहतो आणि लहान वर्गात काय बिघडले ते त्यात उमटतच नाही.

कप्पाकडेही पाहू. त्यात योगायोगाची अपेक्षित जुळणी काढताना ओळीचा वाटा आणि स्तंभाचा वाटा यांचा वर्गवार गुणाकार करून बेरीज घेतात. तुमच्या सर्व ओळींचा वाटा पाव आहे. स्तंभ कसेही वाटले गेले तरी पाव गुणिले सर्व स्तंभांची बेरीज, म्हणजे पावच. चार वर्गांना समान बिंदू दिलेल्या कोणत्याही नकाशाला, मग तो गोव्याचा असो वा राजस्थानचा, ही अपेक्षित जुळणी ०.२५ च येणार.

```
kappa = (0.8625 - 0.25) / (1 - 0.25) = 0.8167
```

म्हणजे येथे कप्पा हे एकूण अचूकतेचेच दुसऱ्या मोजपट्टीवरचे रूप आहे, त्यात नवी माहिती काडीचीही नाही. बिंदुगणक यांनी म्हटलेला योगायोग वजा झाला तो तुमच्या नमुना योजनेचा, तिसवाडीच्या जमिनीचा नव्हे. क्षेत्रफळाने भारित केलेल्या मॅट्रिक्सवर हाच कप्पा ०.७८ येतो. नकाशा तोच, चुका त्याच, तरी जुळणी 'जवळजवळ परिपूर्ण' गटातून एक पायरी खाली उतरली. ही श्रेणी लँडिस आणि कोख यांनी १९७७ मध्ये दिली तेव्हा या सीमा मनाने ठरवलेल्या असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते, आणि त्यांचे उदाहरण वैद्यकीय निदानाचे होते. खारफुटीचे क्षेत्रफळ त्या श्रेणीच्या भरवशावर मान्य करणे मला पटत नाही.

पूर्ण गणना खालीलप्रमाणे करता येईल.

```python
import numpy as np
n = np.array([[54,2,4,0],[3,51,4,2],[3,3,51,3],[0,4,5,51]])
A = np.array([10,40,75,25])
r = n.sum(axis=1)[:,None]
p = n / r
est = p * A[:,None]
print(est.sum(axis=0))                  # km2
print(np.diag(est) / est.sum(axis=0))   # producer's
se = np.sqrt((A[:,None]**2 * p*(1-p) / (r-1)).sum(axis=0))
print(1.96 * se)
```

अर्थ इंजिनमधून मॅट्रिक्स काढली असेल तर एक काळजी घ्यावी. तिथल्या `errorMatrix` मध्ये ओळी प्रत्यक्षातील वर्गाच्या असतात आणि स्तंभ नकाशाचे. ती उलटी न करता वरच्या गणनेत घातली, तर भार चुकीच्या बाजूला लागतो आणि संगणक कोणतीही तक्रार करीत नाही.

तिवरकाठ

अतिशय आभारी आहे. मॅट्रिक्स मी आधीच ओळीत नकाशा अशी मांडून घेतली होती. आपली गणना चालवून पाहिली. खारफुटी १४.७५ चौरस किलोमीटर, अधिकउणे ४.८ असे उत्तर येते. म्हणजे ९५ टक्के विश्वासाची मर्यादा साधारण १० पासून साडेएकोणीसपर्यंत जाते. ही मर्यादा इतकी रुंद आहे की नकाशावरचे १० चुकीचे आहेत असेही ठामपणे म्हणता येत नाही, आणि बरोबर आहेत असे म्हणण्याचे धाडसही होत नाही.

या अंदाजाचा मोठा भाग झाडीच्या ओळीतील तीन बिंदूंवर उभा आहे, म्हणून ते तिन्ही पुन्हा उघडून पाहिले. पहिला चोडणच्या बांधालगत आहे. तिथे खारफुटीची पट्टी एका पिक्सेलपेक्षा, म्हणजे दहा मीटरपेक्षा थोडीच रुंद आहे आणि बांधाच्या आतल्या अंगाला नारळ आहेत. दुसराही तसाच, फक्त तिथे माडांऐवजी बांधावरची इतर झाडे आहेत. तिसरा कुंभारजुवे कालव्याजवळ चांगल्या दाट खारफुटीत आहे आणि तिथे नकाशा का चुकला ते कळत नाही. पहिले दोन बिंदू मिश्र पिक्सेलवर पडले म्हणून वगळावेत का? ते वगळले तर अंदाज बराच खाली येतो.

खाजनातला

मी नकाशातला जाणकार नाही, पण आमच्या कुटुंबाची दिवाडीला खाजन शेती आहे म्हणून लिहितो. आपल्या सारणीत शेतीच्या ओळीतही तीन बिंदू खारफुटीचे निघाले आहेत, त्यांबद्दल कोणी बोलले नाही. बांधाला भगदाड पडले किंवा पाणी अडवणारे बांधातले दार, म्हणजे मानस, मोडले आणि वेळेवर दुरुस्त झाले नाही की भरतीचे पाणी शेतात शिरते, पेरणी थांबते आणि काही वर्षांत तिथे तिवराची रोपे उभी राहतात. कमरेएवढी रोपे, मधेमधे चिखल आणि जुन्या मेरांच्या रेषा अजून स्पष्ट दिसणाऱ्या, अशी जमीन तुमच्या हिशेबात शेत की खारफुटी? आम्ही तिला शेतच म्हणतो, कारण बांध बांधला तर ती पुन्हा पिकू शकते. मात्र खारफुटी एकदा उभी राहिली की ती तोडायला परवानगी लागते, म्हणून नकाशावर ती कोणत्या रंगात दाखवली याने आम्हाला फरक पडतो.

बिंदुगणक

साखळीकर यांची गणना मी तपासली, ती बरोबर आहे आणि समान बिंदूंबद्दलची माझी हरकत मी मागे घेतो. कप्पाबाबत मात्र माझे समाधान झालेले नाही. भारित मॅट्रिक्सवर काढलेला कप्पा तरी अर्थपूर्ण मानायला काय हरकत आहे? बहुतेक नियतकालिके आणि परीक्षक तो मागतातच.

साखळीकर

तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो, पण सर्वांत आधी त्या तीन बिंदूंबद्दल, कारण तिथे घाई झाली तर बाकी गणना व्यर्थ ठरते.

फक्त न जुळलेले बिंदू पुन्हा उघडायचे आणि त्यांतले काही वगळायचे, असे करू नये. तसे केले की अचूकता वाढतेच, कारण चुकून जुळलेले बिंदू कोणी पुन्हा पाहत नाही. नारळाच्या पट्टीवर पडलेला आणि नकाशाने खारफुटी म्हटलेला एखादा मिश्र पिक्सेल तुमच्या ५४ मध्येही बसलेला असू शकतो. मिश्र पिक्सेलचा नियम आधी लिहून काढा, उदाहरणार्थ दहा मीटरच्या चौकोनात ज्याचे आच्छादन सर्वाधिक तो वर्ग. मग सर्व २४० बिंदू त्या नियमाने, नकाशावरचा वर्ग झाकून, पुन्हा वाचा. दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे वाचून घेता आले तर अधिक चांगले.

बांधाजवळच्या त्या दोन बिंदूंचे कारण मला प्रतिमेतच दिसते. सेंटिनेल-२ चे दृश्य पट्टे आणि B8 दहा मीटरचे आहेत, पण खारफुटी इतर झाडीपासून वेगळी काढायला ज्यांची खरी मदत होते ते B11, B12 आणि रेड-एज पट्टे वीस मीटरचे आहेत. दहा मीटरवर आणले तरी त्यांतली माहिती वीस मीटरचीच राहते. बारा मीटर रुंदीच्या पट्टीत त्या पट्ट्यांना शुद्ध खारफुटी कधीच दिसत नाही. म्हणजे ही चूक योगायोगाची नाही, अरुंद पट्टी असेल तिथे ती पुन्हा पुन्हा होणार. म्हणूनच ते बिंदू वगळणे अधिक गैर ठरेल. तिसऱ्या बिंदूबद्दल प्रतिमा पाहिल्याशिवाय बोलणे कठीण आहे. प्रतिमा घेतली तेव्हा भरती किती होती ते एकदा तपासावे.

मर्यादा अरुंद करायची असेल तर बिंदू कुठे वाढवायचे तेही गणनेतच दिसते. खारफुटीच्या अंदाजातील विचरणाचा तीन चतुर्थांश भाग एकट्या झाडीच्या ओळीतून येतो. खारफुटीच्या वर्गात आणखी बिंदू घेऊन जवळजवळ काहीच साधणार नाही. झाडीत ६० ऐवजी १५० बिंदू केले आणि चुकीचे प्रमाण तेच राहिले, तर अधिकउणे ४.८ चे सुमारे ३.५ होईल. त्याहून चांगला मार्ग म्हणजे झाडीचे दोन स्तर करणे, एक खाडी आणि बांध यांच्या जवळचा आणि दुसरा उरलेला. ताळगाव पठारावरच्या झाडीत खारफुटी शोधण्यात बिंदू खर्च करण्याचे कारण नाही. जवळच्या स्तराची रुंदी किती धरावी हे मात्र बांध माहीत असलेल्या माणसाने ठरवावे, बिंदूंचे निकाल पाहून नव्हे. जुने ६० बिंदू यादृच्छिक असल्याने ते त्या दोन स्तरांत वाटून वापरता येतील, फक्त प्रत्येक स्तरात पुरेसे बिंदू आहेत ना ते पाहावे.

बिंदुगणक, भारित कप्पा काढण्यात गणिती चूक नाही. पण योगायोगाने वर्ग वाटणारा नकाशा ही तुलना इथे कुणाच्याच प्रश्नाची नाही. पॉन्टियस आणि मिलोनेस यांनी २०११ मध्ये हाच आक्षेप सविस्तर मांडला आणि त्याऐवजी एकूण प्रमाणातली तफावत व जागेची तफावत वेगळी दाखवावी असे सुचवले. या नकाशात खारफुटी एकूणच कमी भरते, ही प्रमाणातली तफावत आहे आणि एकट्या कप्पातून ती कळत नाही. परीक्षक मागत असतील तर कप्पा एका वाक्यात द्यावा, पण त्याच्या शेजारी क्षेत्रफळाने भारित मॅट्रिक्स आणि विश्वासमर्यादा असलीच पाहिजे.

बिंदुगणक

वेगवेगळ्या अभ्यासांची तुलना करायला एक सामाईक आकडा लागतोच, असे मला अजूनही वाटते. पण शेजारी मॅट्रिक्स देण्याबद्दल दुमत नाही.

तिवरकाठ

मिश्र पिक्सेलचा नियम लिहून काढला आहे. एक वर्गमैत्रीण सर्व बिंदू नकाशा न पाहता स्वतंत्रपणे वाचणार आहे. खाडी व बांधांपासून शंभर मीटरचा वेगळा स्तर करून त्यात ९० नवे बिंदू घेईन. मार्गदर्शकांना भारित सारणी दाखवली. १० चौरस किलोमीटर हा आकडा नकाशातील मोजणी म्हणून ठेवावा आणि अंदाज वेगळा द्यावा, इथपर्यंत ते आले आहेत. कप्पा मात्र गोषवाऱ्यात हवाच, असा त्यांचा आग्रह कायम आहे.

खाजनातला यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. शेतीच्या ओळीतील त्या तीन बिंदूंपैकी दोन अगदी त्यांनी वर्णन केल्यासारखे आहेत, मेरांच्या रेषा दिसतात आणि त्यांच्यामध्ये तिवराची रोपे. आच्छादनाच्या नियमाने पाहिले तर ती खारफुटी ठरते, वापराच्या दृष्टीने पाहिले तर पडीक खाजन. त्यांच्यासाठी पाचवा वर्ग करावा, तर तो प्रतिमेत ओळखता येईल इतके प्रशिक्षणाचे नमुने माझ्याकडे नाहीत.

साखळीकर

पाचवा वर्ग नकाशात आत्ताच हवा असे नाही. बिंदू वाचताना त्याची वेगळी नोंद मात्र करा. मग अंदाज दोन प्रकारे देता येईल, एकदा ती जमीन खारफुटीत धरून आणि एकदा शेतीत. शेतीच्या ओळीतील एक बिंदू म्हणजे पाऊण चौरस किलोमीटरला थोडा कमी, त्यामुळे त्या दोन बिंदूंनी खारफुटीचा आकडा सुमारे १.३ ने बदलेल.

खाजनातला

आमच्या बाजूची मोडलेली मानसे कुठे कुठे आहेत ते मी दाखवू शकेन. पुढच्या उधाणाला, ओहोटी खोल असेल तेव्हा यावे, म्हणजे बांधाच्या आत कुठवर तिवर शिरले आहे ते चालत पाहता येईल.